एका प्रश्नपत्रिकेचे अनेक फोटो: पानांचा क्रम आणि प्रश्नक्रमांक – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या प्रश्नपत्रिका आमच्याकडे बहुधा मोबाइलवर काढलेल्या फोटोंच्या रूपातच येतात आणि त्या टंकित करण्याचे काम निरनिराळ्या गावांतील शिक्षक आपापल्या सवडीने करतात. फोटो पाठवणारे आणि टंकन करणारे या दोघांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या प्रश्नपत्रिकांची आहेत.

१. मी सगळी पाने एकदम निवडून पाठवली. ती तुमच्याकडे त्याच क्रमाने पोहोचत नाहीत का?

पोहोचतीलच असे सांगता येत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो ज्या क्रमाने निवडले जातात त्या क्रमाने ते पाठवले जातात, काढलेल्या क्रमाने नव्हे. आणि गॅलरीत सर्वांत नवा फोटो वर दिसत असल्यामुळे घाईत निवडताना शेवटचे पान पहिले होऊन बसते. ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये एकदम चढवलेल्या फाइलींपैकी लहान फाइल आधी पूर्ण होते, त्यामुळे चढवल्याच्या वेळेवरून लावलेला क्रमही फसवा ठरतो. म्हणून आम्ही येण्याच्या क्रमावर विसंबत नाही. पानावर जे छापलेले आहे त्यावरूनच क्रम लावतो. पाठवणाऱ्याने आठपैकी आठ पाने पाठवली आहेत एवढे एका ओळीत लिहून कळवले तरी आमचे निम्मे काम हलके होते.

२. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, असा आग्रह का? दिसायला तर सारखेच दिसतात.

दिसतात सारखे, पण चित्र म्हणून पाठवलेला फोटो वाटेत आक्रसतो, त्याचे मूळ नाव जाते आणि फोटो काढल्याची वेळ नोंदवणारी आतली माहितीही निघून जाते. आमच्या फोनवर त्याचे नाव `IMG-20240312-WA0007.jpg` असे काहीतरी होते. त्यातील `0007` हा आकडा पानाचा नसतो. त्या दिवशी आमच्या फोनवर आलेल्या चित्रांमधील तो एक अनुक्रम असतो, आणि मधल्या दोन-तीन क्रमांकांवर कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक असू शकतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल मात्र `IMG_20240312_154210.jpg` अशा मूळ नावाने येते आणि त्यातून दुपारी ३ वाजून ४२ मिनिटे १० सेकंद ही वेळ वाचता येते.

अशा फाइली शंभराच्या घरात असतील, तर एक्झिफटूल या साधनाने फोटो काढल्याच्या वेळेवरून त्यांना एकसारखी नावे देता येतात:

```
exiftool "-FileName<DateTimeOriginal" -d "%Y%m%d_%H%M%S%%-c.%%e" .
```

ज्या फाइलीत वेळेची नोंद उरलेली नाही तिला ही आज्ञा हात लावत नाही, केवळ इशारा देते. शिवाय वेळेवरून फक्त फोटो काढण्याचा क्रम कळतो. एखादे पान अस्पष्ट आले म्हणून शेवटी पुन्हा काढलेले असेल, तर ते वेळेच्या क्रमात शेवटीच येणार. त्यामुळे हा क्रम पहिला कच्चा क्रम समजावा.

३. क्रम लागल्यावर फाइलींना नावे कशी द्यावीत?

नावात छापील पृष्ठक्रमांक घालावा, फोटोचा क्रमांक घालू नये. आम्ही `vidnyan1_2023-03_p05of08.jpg` अशी पद्धत ठेवली आहे. आठ पानांचे अकरा फोटो असू शकतात, पण पाचवे पान पाचवेच राहते. आकडा दोन अंकी लिहिण्याचे कारण असे की, अक्षरानुसार क्रम लावणाऱ्या कित्येक ठिकाणी `p1` नंतर `p10` येते आणि मगच `p2` येते. एका पानाचे दोन तुकडे असतील तर `p05a` आणि `p05b` असे लिहावे (प्रश्न ६ पाहा). मुखपृष्ठ, कोरे पान आणि ‘कच्च्या कामासाठी जागा’ असे छापलेले पान यांनाही आपापला क्रमांक द्यावा. त्यांत टंकण्यासारखे काही नसते, पण त्यांना वगळले तर पुढच्या प्रत्येक पानाचा क्रमांक एकाने सरकतो.

४. पृष्ठक्रमांक फोटोत कापला गेला आहे. आता क्रम कसा लावायचा?

पानाच्या माथ्यावर किंवा पायाशी आणखी खुणा असतात. ‘P.T.O.’ किंवा ‘कृपया पान उलटा’ ही सूचना ज्या पानाखाली असते ते पान उजव्या हाताचे, म्हणजे बहुधा विषम क्रमांकाचे असते. स्टेपलचे छिद्र किंवा घडी डाव्या कडेला दिसत असेल तर तेही उजव्या हाताचे पान. मागच्या पानाची शाई पातळ कागदातून उमटलेली असेल, तर ती उलटी अक्षरे वाचून या पानाच्या पाठीवर काय आहे हे कळते. झेरॉक्स प्रतीत ही सोय नसते.

याउपर मजकुरावरून ठरवावे, पण केवळ प्रश्नक्रमांकांवरून नव्हे. वर ‘(५)’ ने सुरू होणारे पान ‘(४)’ वर संपणाऱ्या पानानंतरच येते असे म्हणावेसे वाटते; मात्र एकाच प्रश्नपत्रिकेत ‘(४)’ पाच ठिकाणी असतो. विषयाचा धागा, गुणांची संख्या आणि प्रश्नाचा प्रकार हे तिन्ही जुळले तरच सांधा पक्का समजावा.

५. पिना काढून, कागद पूर्ण उघडून फोटो काढले. आता एका फोटोत आठवे आणि पहिले पान शेजारी दिसते. हे बरोबर आहे का?

बरोबर आहे, आणि घाबरण्याचे कारण नाही. घडी घालून मध्ये पिना मारलेल्या पुस्तिकेची छपाईच अशी असते. आठ पानी पुस्तिकेत बाहेरच्या कागदाच्या एका बाजूस ८ आणि १, दुसऱ्या बाजूस २ आणि ७ असतात. आतल्या कागदावर ६ आणि ३, तर दुसऱ्या बाजूस ४ आणि ५. शेजारच्या दोन पानांची बेरीज नेहमी एकूण पानांहून एकाने जास्त, म्हणजे येथे ९ येते. बारा पानी पुस्तिकेत ती १३ येते. बेरीज जुळली नाही तर दोन प्रतींचे कागद मिसळले आहेत किंवा पृष्ठक्रमांक वाचण्यात चूक झाली आहे.

असा प्रत्येक फोटो घडीवर कापून त्याच्या दोन स्वतंत्र फाइली कराव्यात आणि मगच प्रश्न ३ प्रमाणे नावे द्यावीत. न कापता टंकन सुरू केले तर डोळा सवयीने डावीकडून उजवीकडे जातो आणि सातव्या पानावरील पहिला प्रश्न दुसऱ्या पानावरील शेवटच्या प्रश्नाला चिकटतो.

६. पान मोठे होते म्हणून वरचा आणि खालचा असे दोन फोटो काढले. मधल्या चार ओळी दोन्हींत आल्या. त्या कशा हाताळाव्यात?

त्या यायलाच हव्यात. दोन्ही तुकड्यांत किमान दोन-तीन ओळी समान असतील तरच मध्ये काही सुटलेले नाही याची खात्री होते. टंकन करताना मात्र वरच्या तुकड्यातील शेवटची पूर्ण वाचता येणारी ओळ कोणती ते ठरवावे आणि खालच्या तुकड्यात त्या ओळीनंतर सुरुवात करावी. हे न पाळल्यामुळे होणारी चूक ओळखणे सोपे आहे: लागोपाठ दोन उपप्रश्नांचा मजकूर एकच असतो आणि क्रमांक वेगळे असतात. दोन व्यक्तींनी दोन तुकडे वाटून घेतले असतील तर हे हमखास घडते. म्हणून एका पानाचे तुकडे दोघांत वाटू नयेत.

७. प्रश्न पानाच्या तळाशी अर्धवट राहून पुढच्या पानावर जातो. पुढच्या भागाला वेगळा क्रमांक द्यावा का?

देऊ नये. क्रमांक छापील पानावर जेथे आहे तेथे एकदाच येतो आणि पुढचा मजकूर त्याच परिच्छेदात जोडला जातो. खरी फसगत बहुपर्यायी प्रश्नांत होते. प्रश्नाचे विधान चौथ्या पानाच्या तळाशी आणि (अ), (ब), (क), (ड) हे चार पर्याय पाचव्या पानाच्या माथ्यावर आले, की पाचवे पान स्वतंत्रपणे टंकणारी व्यक्ती त्या पर्यायांनाच प्रश्न ‘अ’, प्रश्न ‘ब’ समजून बसते. तक्ता, आकृती किंवा उतारा पुढच्या पानावर गेला तरी असेच होते.

यासाठी टंकन सुरू करण्यापूर्वी सर्व फोटो एकदा चाळून प्रत्येक सांध्याची एक ओळ लिहावी. आमच्या एका नोंदीतील तीन ओळी अशा आहेत:

```
p04 > p05 : प्र. 2 (ब) 5 संपला  | प्र. 3 शीर्षक सुरू
p05 > p06 : प्र. 3 (4) अर्धवट   | (4) पुढे चालू, तक्ता
p06 > p07 : प्र. 3 (6) संपला    | प्र. 3 (7) सुरू
```

आठ पानांचे सात सांधे असतात आणि त्यांची नोंद दहा मिनिटांत होते. ही नोंद टंकन करणाऱ्या प्रत्येकाकडे असली, तर पाने वेगवेगळ्या व्यक्तींना वाटून दिली तरी चालते.

८. एकाच प्रश्नपत्रिकेत ‘(२)’ इतक्या वेळा येतो की गोंधळ उडतो. संदर्भ कसा द्यावा?

पूर्ण पत्ता लिहावा. मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत गद्य, पद्य, स्थूलवाचन, भाषाभ्यास आणि उपयोजित लेखन असे विभाग असतात. गद्य विभागातील पहिल्या प्रश्नात (अ), (आ), (इ) असे उतारे असतात आणि प्रत्येक उताऱ्याखालील कृती पुन्हा (१) पासून सुरू होतात. ‘कृती २ मध्ये चूक आहे’ असे कळवले तर आम्हाला तीन-चार ठिकाणी शोधावे लागते. ‘प्र. १ – आ – २’ असे लिहिले की शोध संपतो.

उपविभागांच्या अक्षरांकडेही लक्ष असावे. भाषेच्या प्रश्नपत्रिकेत अ, आ, इ, ई असा क्रम असतो, तर गणित आणि विज्ञानात अ, ब असा. फोटोच्या कडेला ‘आ’ चा काना कापला गेला की ‘आ’ चा ‘अ’ होतो, आणि एका प्रश्नात दोन ‘अ’ झाल्यावर टंकन करणारा दुसरा ‘अ’ आपल्या मनाने ‘ब’ करून टाकतो. अस्पष्ट फोटोत १ आणि ९ यांची अशीच अदलाबदल होते. अंकांची लिपी संपूर्ण पत्रिकेत एकच ठेवावी, कारण ‘प्र. ४’ असा शोध घेतला तर ‘प्र. 4’ सापडेलच असे नाही.

९. मी ‘१.’ लिहून एंटर दाबले की पुढचा क्रमांक आपोआप येतो. ही सोय वापरू का?

प्रश्नपत्रिकेसाठी वापरू नये. प्रत्येक पान वेगळ्या फाइलीत टंकून नंतर एकत्र चिकटवले, की स्वयंचलित यादी दोनपैकी एक खोड काढते: नव्या पानावर पुन्हा १ पासून सुरू होते, किंवा जेथे नवा उपविभाग सुरू होऊन १ यायला हवा तेथे मागचा क्रम पुढे चालवते. वर्डमध्ये उजवी कळ दाबून `Continue Numbering` किंवा `Restart at 1` निवडता येते, पण चाळीस ठिकाणी ते करताना एखादे ठिकाण सुटतेच. क्रमांक साध्या मजकुरासारखा हाताने लिहावा; वर्डने त्याची यादी केलीच तर लगेच `Ctrl+Z` दाबल्यास यादी मोडते आणि लिहिलेला आकडा राहतो.

यामागचे मोठे कारण वेगळेच आहे. छापील क्रमांक हा पुरावा आहे; मधले पान गहाळ झाले तर क्रमांकातील खंड ते सांगतो. स्वयंचलित यादी तो खंड बुजवून टाकते. पुढचा प्रश्न याचेच उदाहरण आहे.

१०. एखादे पान गहाळ आहे हे कसे ओळखावे? गुणांची बेरीज जुळली म्हणजे सर्व पाने आली, असे समजावे का?

समजू नये, आणि हे आम्ही ठेच लागून शिकलो. दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ ची ४० गुणांची एक प्रश्नपत्रिका आमच्याकडे सात फोटोंत आली होती. तिची रचना ठरलेली असते: प्रश्न १ मध्ये (अ) ला ५ आणि (ब) ला ५ गुण, प्रश्न २ मध्ये (अ) ला ४ आणि (ब) ला ६, प्रश्न ३ ला १५ आणि प्रश्न ४ ला ५. आम्ही शीर्षकांतील गुण मिळवले, बेरीज ४० आली आणि पत्रिका पूर्ण समजून पुढे पाठवली.

पुढे एका शिक्षिकेने विचारले की, प्रश्न ३ मध्ये ‘कोणतेही पाच’ सोडवायचे असताना दिलेले उपप्रश्न सहाच कसे? मूळ फोटो काढून पाहिले. पाचवे पान (४) च्या मध्यावर संपत होते आणि पुढचा फोटो (७) ने सुरू होत होता. सहावे पान, म्हणजे (४) चा तक्ता आणि संपूर्ण (५) व (६), आलेच नव्हते. टंकनात मात्र स्वयंचलित क्रमांकांमुळे (७) चा (५) आणि (८) चा (६) झाला होता, आणि (४) चे अर्धवट वाक्य आमच्यापैकी कोणीतरी पूर्णविराम देऊन सभ्य केले होते. बेरीज जुळण्याचे कारण साधे होते: गुण शीर्षकात छापलेले असतात, प्रश्न ३ चे शीर्षक पाचव्या पानावर होते आणि प्रश्न ४ चे सातव्या पानावर. गहाळ पानावर एकही शीर्षक नव्हते.

तेव्हापासून बेरजेसोबत आम्ही दिलेल्या उपप्रश्नांची संख्याही मोजतो. या प्रश्नपत्रिकेत प्रश्न २ (अ) मध्ये तीनपैकी दोन, (ब) मध्ये पाचपैकी तीन, प्रश्न ३ मध्ये आठपैकी पाच आणि प्रश्न ४ मध्ये दोनपैकी एक सोडवायचा असतो. बेरीज चुकली तर एखादे शीर्षक गेले आहे. बेरीज बरोबर असून संख्या कमी असेल तर दोन शीर्षकांमधले पान गेले आहे. दोन्ही जुळूनही वाक्य अर्धवट वाटत असेल, तर एखाद्या पानाची शेवटची ओळ फोटोबाहेर राहिली आहे.

११. ‘किंवा’ ने जोडलेल्या दोन प्रश्नांना वेगवेगळे क्रमांक द्यावेत का?

छापील पानावर असतील तर द्यावेत, नसतील तर देऊ नयेत. ‘किंवा’ हा शब्द पानाच्या अगदी तळाशी आला असेल तर तो सांध्याच्या नोंदीत अवश्य लिहावा, कारण तो सुटला की दुसरा पर्याय स्वतंत्र प्रश्न वाटू लागतो आणि गुणांची बेरीज वाढते.

१२. छापील प्रश्नपत्रिकेतच क्रमांक चुकला आहे. (३) नंतर पुन्हा (३) आहे. दुरुस्त करावा का?

करू नये. उत्तरपत्रिकेत विद्यार्थ्यांनी तोच क्रमांक लिहिलेला असतो, आणि उत्तरसूची तयार झाली असेल तर तीही छापील क्रमांकांनुसारच असते. दोन्ही ठिकाणी (३) ठेवावा आणि दुसऱ्यापुढे चौकटी कंसात [छापील क्रमांक असाच] अशी नोंद करावी. मात्र ही नोंद करण्यापूर्वी हा तुकड्यांच्या सांध्यातून आलेला दुहेरी मजकूर नाही, हे प्रश्न ६ प्रमाणे तपासावे. मजकूर वेगळा असेल तरच छपाईची चूक मानावी.

१३. एमपीएससीच्या पूर्व परीक्षेची पुस्तिका दोन मित्रांनी अर्धी-अर्धी पाठवली. पाने पूर्ण आहेत, तरी काही प्रश्न दोनदा येतात आणि काही नाहीतच. असे का?

बहुधा दोघांच्या पुस्तिकांचे संच वेगळे आहेत. A, B, C, D या संचांत प्रश्न तेच असले तरी त्यांचा क्रम बदललेला असतो. १ ते ५० हे A संचातून आणि ५१ ते १०० हे B संचातून घेतले, तर क्रमांक अगदी सलग लागतात, एकूण शंभरही भरतात, आणि तरीही पत्रिका खोटी असते. येथे प्रश्न १० मधील दोन्ही कसोट्या निरुपयोगी ठरतात, म्हणून प्रत्येक पानावर संचाचे अक्षर छापलेले आहे का ते पाहून ते फाइलीच्या नावातच घालावे: `p14_setB`. अक्षर दिसत नसेल तर त्या संचाच्या उत्तरतालिकेशी पाच-सहा निःसंदिग्ध उत्तरे ताडून पाहावीत. ती एकापाठोपाठ चुकू लागली तर संच वेगळा आहे.

अंतिम उत्तरतालिकेत रद्द ठरलेला प्रश्नही आपल्या क्रमांकासह ठेवावा. तो काढून पुढचे क्रमांक वर सरकवले तर तालिकेशी असलेला मेळ तुटतो. द्विभाषिक पत्रिकेत मराठी आणि इंग्रजी मजकुराला मिळून एकच क्रमांक असतो, हेही ध्यानात असावे.

१४. पत्रिका टंकून झाल्यावर गहाळ पान सापडले. आता सगळे क्रमांक बदलावे लागतील का?

क्रमांक छापील पानावरून हाताने लिहिलेले असतील तर एकही बदलावा लागणार नाही. सापडलेला मजकूर त्याच्या जागी बसतो आणि सांध्यांच्या नोंदीतील दोन ओळी नव्याने लिहाव्या लागतात. पान सापडेपर्यंत त्या जागी [पृष्ठ ६ उपलब्ध नाही, प्र. ३ – ४ चा उर्वरित भाग, ५, ६] अशी ओळ ठेवावी. क्रमांक आपोआप पडलेले असतील तर गहाळ जागेनंतरचा प्रत्येक क्रमांक मूळ फोटोशी ताडून पाहावा लागतो. वर सांगितलेल्या विज्ञानाच्या पत्रिकेचे सहावे पान आम्हाला दुसऱ्या एका शाळेतील विद्यार्थ्याच्या प्रतीतून मिळाले; त्यावर (६) च्या आकृतीत त्याने पेन्सिलीने बाण काढलेले होते, आणि ते छापील नाहीत हे ठरवण्यासाठी तिसरी प्रत शोधावी लागली.